‘तळून’ की ‘टाळून’?



आपल्या स्वयंपाकघरात कच्चं केळं म्हणजे बटाट्याची जागा घेणारं. कंदमूळ वर्ज्य, म्हणून वडा केळ्याचा, भाजी केळ्याची, काप केळ्याचे. तेव्हा ‘केळे तळून द्यावे’ असं कुणी लिहिलं तर आपल्यापैकी एकीलाही शंका यायची नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

त्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे. तपासणीनंतर डॉक्टरांनी पथ्य सांगितलं आणि त्यांच्या सुनेने ते पुण्याहून आम्हाला नाशिकला मोबाइलवर पाठवलं:

`Jevnat kele talun dya. Pani mojun.`

जाऊबाईंकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी केळी सोलायलाही घेतली होती. मला मात्र ते पटेना. मूत्रपिंडाच्या पथ्यात तळण कोण सांगेल? मी सुनेला फोन केला. ती म्हणाली, “अहो काकू, टाळून! केळ्यात पोटॅशियम फार असतं. आईंच्या रक्तात ते आधीच वाढलंय.” मूत्रपिंड नीट चालत नसलं की जास्तीचं पोटॅशियम बाहेर पडत नाही, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणजे एका शब्दाचे दोन अर्थ अगदी उलटे, आणि मधे रुग्ण.

सुनेचं यात काही चुकलं नव्हतं. तिने लिहिलं ते तिच्या मनात बरोबरच होतं. अडचण लिपीची आहे. इंग्रजीत `t` एकच, आपल्याकडे त आणि ट. `l` एकच, आपल्याकडे ल आणि ळ. शिवाय `a` म्हणजे अ की आ, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. त्यामुळे `talun` मध्ये तळून आणि टाळून दोन्ही मावतात. `kadhi` म्हणजे कढी आणि कधी, `vel` म्हणजे वेळ आणि वेल. एरवी आपण मागच्यापुढच्या शब्दांवरून अर्थ लावतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो. पण दोन्ही अर्थ त्या वाक्यात चपखल बसतात तिथे अंदाज फसतो, आणि फसल्याचं कळतही नाही. अभ्यासक रोमन लिहिताना ट, ळ यांच्यासाठी अक्षराखाली टिंब देतात, आ साठी वर रेघ काढतात. घाईत मोबाइलवर ते कोण करणार?

मग सुनेने दवाखान्याच्या मराठी कागदाचा फोटो पाठवला. त्यात ‘टाळा’ स्पष्ट होतं. पण तो फोटो नातेवाइकांत फिरून, लहान होऊन माझ्यापर्यंत आला. छापील १ आणि ९ सारखेच दिसू लागले, अनुस्वार पुसट झाले. जाऊबाईंना मोतीबिंदू. फोटो मोठा केला की ओळ पडद्याबाहेर जाते, प्रत्येक ओळीला बोटाने इकडे-तिकडे सरकवायचं. साधा मजकूर असता तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप पडद्यात बसल्या असत्या. मोबाइलला तो वाचूनही दाखवता आला असता. फोटोतलं मात्र शोधायला गेलं तर सापडेलच असं नाही. आठ दिवसांनी ‘पथ्य’ लिहून शोधलं, तर तो कागद वर येईल याचा भरवसा नाही.

शेवटी सुनेने तोच मजकूर देवनागरीत टाइप करून पाठवला. तिला वाटलं होतं, फार वेळ लागेल. मोबाइलच्या कीबोर्डमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इंग्रजी अक्षरं टाइप करूनही देवनागरी उमटवणारा प्रकार निवडता येतो. `talun` लिहिलं की वर तळून, टाळून असे पर्याय दिसतात, त्यातला आपला निवडायचा. निवड तेव्हाही करावीच लागते, पण ती लिहिणारी करते, जिला नक्की माहीत आहे. वाचणारीला तर्क करावा लागत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. टाइप केलेला मजकूर पुढे पाठवताना कुणीही बदलू शकतं. म्हणून औषध-पथ्याचं असेल तर मूळ कागदाचा फोटोही सोबत ठेवावा: वाचायला मजकूर, पडताळायला फोटो. वहीत नोंद आणि फाइलला पावती, तसंच हे.

आता जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात त्या मजकुराची मोठ्या अक्षरातली प्रत चिकटवली आहे. पहिलीच ओळ: केळी टाळून जेवण द्यावे.