एका स्टारचं उत्तर

आमचं अ‍ॅप गावोगावी फिरणाऱ्या सर्वेक्षकांसाठी आहे. फॉर्म भरायचा, फोटो काढायचा, रेंज मिळाली की माहिती आपोआप वर जाते. प्ले स्टोअरवर त्याला एक स्टार मिळाला, खाली दोनच वाक्यं: 'बॅटरी खातं. सकाळी फुल चार्ज, दुपारी फोन बंद.'

अशा तक्रारीला 'गैरसोयीबद्दल क्षमस्व, आम्हाला ईमेल करा' असं ठोकळेबाज उत्तर देण्याची पद्धत आहे. मला ती मनापासून नापसंत आहे. माणसाने वेळ काढून लिहिलंय आणि आपण त्याला दुसऱ्या दारात उभं करतो. उत्तराला जागा 350 अक्षरांचीच. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, अ‍ॅपची आवृत्ती हे बहुतेक वेळा कन्सोलवर दिसतंच, ते विचारण्यात अक्षरं कशाला घालवायची? आम्ही एवढंच लिहिलं: 'दुपारी फोन बंद पडणं म्हणजे कामच थांबणं. रेंज कमी असलेल्या भागात हे जास्त होतं का? आम्ही तपासतोय.' त्यांनी अभिप्रायात भर घातली: 'डोंगराकडच्या वाड्यांत होतं. घरी नाही.'

या दोन वाक्यांनी दिशा दिली. ऑफिसच्या वायफायवर हा दोष कधी दिसलाच नसता. चाचणीत एक अडचण असते: केबल लावली की फोन चार्ज होऊ लागतो आणि बॅटरीचा हिशेबच बिघडतो. म्हणून आधी फोनला 'केबल नाही' असं भासवायचं आणि जुनी नोंद पुसायची:

```
adb shell dumpsys battery unplug
adb shell dumpsys batterystats --reset
```

मग नेटवर्क मुद्दाम कमजोर ठेवून स्क्रीन बंद केली. अर्ध्या तासाने `batterystats` वाचलं, तर आमच्याच अपलोडचा वेकलॉक जवळजवळ पूर्ण वेळ धरलेला. फोटो निम्म्यात तुटायचा, अ‍ॅप क्षणाचीही उसंत न घेता पुन्हा पहिल्यापासून पाठवायचं. फोनला झोप नाही, रेडिओला विसावा नाही.

अपलोड `WorkManager`कडे सोपवलं. नेटवर्क असेल तरच काम सुरू करायचं, ही अट पुरेशी नव्हती, कारण एक काडी रेंजसुद्धा फोनच्या लेखी नेटवर्कच असते. खरा गुण आला तो थांबण्याने: पहिल्या अपयशानंतर 30 सेकंद, मग दरवेळी दुप्पट, जास्तीत जास्त पाच तास. याची किंमतही आहे. रेंज परतल्यावर माहिती कधी कधी उशिरा पोहोचते, म्हणून 'आता पाठवा' हे बटण दिलं.

नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडली. ती सगळ्यांपर्यंत पोहोचेपर्यंत जुन्या उत्तराला हात लावला नाही. आधीच 'दुरुस्त केलं' म्हटलं असतं आणि त्यांच्या फोनवर जुनंच अ‍ॅप असतं, तर आमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? मग तेच उत्तर बदलून आवृत्तीचा क्रमांक आणि बदल लिहिला. स्टार वाढवा असं म्हटलं नाही, आणि तुम्हीही असं उत्तर लिहाल तेव्हा म्हणू नका.