एका मिनिटाची किंमत

शाळा सुटल्यावर आम्ही नवरा-बायको करंजाड्यातल्या घरी छोट्या व्यावसायिकांसाठी व्हाइटबोर्ड ॲनिमेशन करतो. पांढऱ्या पडद्यावर हात चित्र काढत जातो आणि मागून आवाज माहिती सांगतो, असे हे व्हिडिओ.

अलीकडचे एक काम सांगतो. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुणाऱ्या एका गृहस्थांना एका मिनिटाचा व्हिडिओ हवा होता. त्यांनी मजकूर पाठवला ३१० शब्दांचा. आमच्या मराठी वाचनाचा वेग मिनिटाला साधारण १२० शब्द. म्हणजे तो मजकूर अडीच मिनिटांहून जास्त झाला असता. आम्ही तो त्यांना फोनवर घड्याळ लावून वाचून दाखवला. मग दुकानाचा इतिहास गाळला; टाकीतला गाळ, धुण्याची पद्धत आणि फोन नंबर ठेवला. उरले १८० शब्द, म्हणजे दीड मिनिट.

आमचा दर तयार मिनिटाला २,५०० रुपये, म्हणून बिल ३,७५० रुपये. आमचे तास ग्राहकाला दिसत नाहीत, मिनिटे मात्र तो स्वतः मोजू शकतो. आम्हाला एका मिनिटामागे सुमारे दहा तास लागतात. त्यामुळे तासाला २५० रुपये पडतात आणि हे गणित फुकटच्या दुरुस्त्यांनी लगेच कोसळते.

म्हणून स्क्रिप्ट आम्ही दोन रकान्यांत देतो. डावीकडे बोलायचे वाक्य, उजवीकडे त्या वेळी दिसणारे चित्र. या कागदावर दोनदा बदल मोफत. मग ग्राहकाने व्हॉट्सॲपवर ‘मंजूर’ लिहायचे आणि निम्मी रक्कम द्यायची. त्यानंतरच आवाज रेकॉर्ड होतो. पुढे एक वाक्य जरी बदलले, तरी आवाज पुन्हा भरावा लागतो आणि त्यामागची सगळी चित्रे सरकतात. त्यासाठी प्रत्येक दृश्याला ३०० रुपये वेगळे. टाकीवाल्या गृहस्थांनी नंतर फोन नंबर बदलला आणि ३०० रुपये कुरकुर न करता दिले, कारण ते आधीच लिहिलेले होते.

आवाज ऑडॅसिटीत साफ करतो, चित्रे इंकस्केपमध्ये काढतो आणि जुळवणी व्हिडिओस्क्राइबमध्ये. खरी अडचण अक्षरांची. मराठी जोडाक्षरे आणि उर्दूची जोडलेली हर्फे थेट टाइप केली की कधीकधी तुटतात. म्हणून शब्द आधी इंकस्केपमध्ये लिहून त्यावर पेनच्या साधनाने रेषा गिरवतो आणि ते चित्र SVG म्हणून वापरतो. ज्या क्रमाने रेषा काढल्या, त्याच क्रमाने पडद्यावरचा हात लिहितो. उर्दू शब्द उजवीकडून गिरवला नाही, तर हात उलटा चालतो आणि उर्दू वाचणाऱ्याला ते पहिल्याच शब्दाला खटकते.

काम पाठवण्याआधी आम्ही आवाज बंद करून व्हिडिओ एकदा पाहतो. बाजारात बरेच लोक मोबाइलवर तसाच पाहतात. नुसत्या चित्रांवरून काय विकायचे आहे ते कळले नाही, तर ते दृश्य आमच्या खर्चाने पुन्हा काढतो.