दिवसाची आखणी दुपारपासून

चौथीच्या वर्गाला आहाराचा धडा कसा शिकवावा, याबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत पूर्ण बदललं आहे. ते का बदललं, हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. पूर्वी माझी रीत ठरलेली होती. भिंतीवर अन्नगटांचा तक्ता लावायचा. ऊर्जा देणारे, शरीर बांधणारे आणि आजारांपासून जपणारे असे तीन रकाने फळ्यावर आखायचे. मुलांकडून चित्रं त्या त्या रकान्यात चिकटवून घ्यायची आणि शेवटी सांगायचं, आता एका दिवसाचा समतोल आहार लिहा. गट पक्के झाले की दिवसाची आखणी मुलांना आपोआप जमेल, असा माझा विश्वास होता. आज मी उलट मानते. आधी आखणी, मग त्यातून गट. आणि ही आखणी सकाळच्या न्याहारीपासून नव्हे, तर शाळेतल्या दुपारच्या जेवणापासून सुरू करावी.

तक्त्यावरून आखलेला दिवस ओळखणं अवघड नसतं. सगळ्या वह्यांत तीच यादी असते. सकाळी दूध आणि बदाम, दुपारी पोळी, पालेभाजी, वरण, भात आणि कोशिंबीर, संध्याकाळी सफरचंद, रात्री पुन्हा पोळी. आमच्या गावात रोजची पोळी फार थोड्या घरांत असते, ज्वारीची भाकरी घरोघरी. पण भाकरी यादीत नसते. चहा नसतो, ठेचा नसतो, कुरमुरे नसतात. मुलं बाईंना काय आवडेल ते लिहितात. गुण द्यायला हरकत नसते, कारण उत्तर बरोबर असतं. फक्त त्या उत्तराचा संध्याकाळच्या चुलीशी काही संबंध नसतो.

यावर एक सोपा उपाय दिसतो. काल काय खाल्लं ते प्रत्येकाने सांगावं. मी तो करत नाही आणि इतरांनीही करू नये असं मला ठामपणे वाटतं. कुणाच्या घरी रात्री नुसती भाकरी आणि चटणी असते, कुणाच्या घरी असं काही शिजतं ज्यावरून शेजारचं पोर चिडवेल. ताटावरून घराची ऐपत कळते, जातही कळते. नऊ वर्षांच्या मुलाला ती वर्गासमोर उघडी करायला लावणं बरं नव्हे. म्हणून आम्ही एका मनातल्या मुलीचा दिवस घेतो. ती आपल्या गावातली, आपल्याएवढी, आपल्याच शाळेत येणारी. तिचं नाव मुलंच ठेवतात आणि ती काय खाते तेही सगळी मिळून सांगतात. तिच्या आडून मुलं खरं बोलतात.

या मुलीच्या दिवसातलं एक जेवण सगळ्यांना नेमकं माहीत असतं, ते म्हणजे शाळेतलं. प्राथमिक वर्गातल्या एका मुलासाठी सरकारी प्रमाण ठरलेलं आहे. १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. हे सगळं कच्चं, शिजवण्याआधीचं वजन. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना मी वर्गात बोलावते. त्या तराजू घेऊन येतात आणि एका मुलाचा तांदूळ, एका मुलाची डाळ आणि एका मुलाची भाजी ताटलीत मांडतात. तांदळाच्या ढिगाशेजारी डाळ किती थोडी दिसते, हे मुलांच्या तिथेच लक्षात येतं.

मग चिंचोके निघतात. एक चिंचोका म्हणजे २० ग्रॅम कच्चा शिधा. तांदळाचे पाच, डाळीचा एक, भाजीचे अडीच, अर्ध्यासाठी फोडलेला चिंचोका. ग्रॅम आणि किलोकॅलरी या वयात डोक्यात राहत नाहीत, पण पाचाला एक हे राहतं. शाळेच्या या जेवणातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ऊर्जेचा पाव हिस्सा आणि प्रथिनांचा निम्मा हिस्सा इथे भागतो. उरलेलं घरी. तेवढीच आखणी मुलांना करायची असते, आणि अख्खा कोरा दिवस भरण्यापेक्षा ते त्यांना कितीतरी सोपं जातं.

गेल्या हिवाळ्यात वर्गाने तिचा दिवस असा सांगितला. सकाळी चहा आणि पाव. दुपारी शाळेत भात आणि मटकीची आमटी, त्यात थोडी भाजी. घरी आल्यावर कुरमुरे. रात्री ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी आणि कांदा.

आता ही नावं बाजूला ठेवून प्रत्येक पदार्थ कशापासून झाला ते विचारायचं. धड्याचा खरा भाग हाच, आणि इथे मी सर्वांत जास्त वेळ देते. पाव गव्हाचा. कुरमुरे तांदळाचे, हे निम्म्या वर्गाला नवीन असतं. पोहेही तांदळाचेच आणि रवा गव्हाचा, हे ओघात येतं. पिठलं बेसनाचं, आणि बेसन हरभऱ्याच्या डाळीचं. ‘डाळ’ म्हटलं की मुलांना पातळ आमटीच आठवते, त्यामुळे पिठलं धान्याकडे ढकललं जातं, कारण तेही पीठच. बटाटा बाजारात भाजीबरोबर मिळतो, पण त्यात मुख्यतः पिष्ट असतं, म्हणून त्याला आम्ही धान्याच्या बाजूला बसवतो. अळूचं पान मात्र भाजीत आणि त्याचाच कंद बटाट्याच्या शेजारी. शेंगदाण्यावर दरवेळी वाद होतो. वेलीच्या जातीने तो कडधान्यांचा भाऊ, पण त्यात तेल भरपूर, म्हणून आहारतज्ज्ञ त्याला तेलबिया आणि सुक्यामेव्याबरोबर मोजतात. पूर्वी एका पदार्थाला एकच रकाना असा माझा आग्रह असे. आता कुणी शेंगदाण्याचा चिंचोका दोन रकान्यांच्या रेघेवर ठेवला, तर मी तो हलवत नाही. खिचडी आणि थालीपीठ तर एका रकान्यात बसूच शकत नाहीत, आणि आपल्याकडचं पोटभरीचं अन्न बरंचसं असं मिश्रच आहे.

चिंचोके मांडले. धान्याकडे शाळेच्या भाताचे पाच, रात्रीच्या भाकरीचे चार, पावाचा एक, कुरमुऱ्यांचा एक. एकूण अकरा. (२० ग्रॅम कुरमुरे तराजूत घालून पाहावेत, ओंजळीत मावत नाहीत. वजन आणि आकारमान यांतला फरक त्या दिवशी वेगळा शिकवावा लागत नाही.) डाळीकडे शाळेतली मटकी एक आणि बेसन एक, एकूण दोन. भाजीकडे शाळेतले अडीच आणि कांद्याचा एक. फळाकडे काही नाही. दूध चहापुरतं. चटणीतल्या शेंगदाण्याचा अर्धा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शिकेत धान्य आणि डाळ यांचं प्रमाण तीनाला एक असावं असं म्हटलं आहे. त्याला कारण आहे. शरीर बांधायला लागणारं लायसिन धान्यात कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी पडतं, ते धान्यातून मिळतं. दोन्ही योग्य प्रमाणात पोटात गेली तर प्रथिनं नीट कामी येतात. आमच्या मुलीच्या दिवसात हे प्रमाण अकराला दोन आलं. म्हणजे ती उपाशी नाही, पोट भरतं आहे, पण ते धान्यानेच भरतं आहे. तक्त्यावर दोन्ही गटांची चित्रं चिकटलेली असतात, म्हणून तिथे ही उणीव कधीच दिसत नाही. किती हा प्रश्न तक्ता विचारत नाही, आणि माझं मत बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

नंतर दुरुस्ती. नियम दोन. घरात, शेतात किंवा आठवडी बाजारात मिळेल तेच घ्यायचं, आणि दिवसभरात तीनच बदल करायचे. तीनाची मर्यादा नसेल तर मुलं सगळंच बदलतात आणि पुन्हा बदाम येतात.

पहिला बदल एका मुलाने सुचवला. कुरमुऱ्यांऐवजी फुटाणे. धान्याचा एक चिंचोका उचलला, डाळीकडे एक आला. दहाला तीन. प्रमाण एका मुठीत तीनाला एकच्या जवळ आलं. दुसरा बदल पिठल्यात. त्यात मूठ-दोन मूठ शेवग्याचा पाला किंवा मेथी घालायची. शेवगा बहुतेक दारांत आहे, पाला ओरबाडून निवडून देणं मुलांच्या हातचं आहे, त्यामुळे आईचं काम फारसं वाढत नाही. तिसरा बदल फळाचा. इथे वर्ग अडला. आमच्या भागात डाळिंबाच्या बागा आहेत, पण चांगला माल बाजारात जातो. एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, तडकलेली आमी घरीच खातो की.’’ ताजं तडकलेलं, आतून बुरशी न आलेलं डाळिंब खायला काहीच हरकत नाही. ज्यांच्याकडे बाग नाही त्यांच्यासाठी बोरं आणि पेरू निघाले. बोरं बांधावर असतात, हे सांगावं लागलं नाही. ती फळांत मोजायची, हे मात्र सांगावं लागलं, कारण तक्त्यावर बोराचं चित्र कधी नसतं.

चहा मी काढायला लावत नाही. जेवणाच्या आगेमागे तासभर तो नको, एवढंच सांगते. चहातल्या टॅनिनमुळे भाकरीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी कमी लागतं. उलट ताटात लिंबाची फोड पिळली तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषलं जातं.

या पद्धतीने सगळं साधत नाही. तीन बदलांनंतरही दूध कमीच राहिलं आणि भाजीही पुरेशी झाली नाही. मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवलेल्या आहेत. मुलाला त्याहून कमी लागतात, तरी साडेतीन चिंचोके म्हणजे ७० ग्रॅम, पाल्यासह शंभराच्या आसपास. मी ते वर्गापुढे लपवत नाही. ही तूट उरली, असं फळ्यावर लिहिते. ज्या घरात दूध विकूनच घर चालतं, तिथे मुलाने आखणी केल्याने दूध वाढणार नाही. ते मुलाचं काम नाही, मोठ्यांचं आणि सरकारचं आहे. मुलाच्या हाती फुटाणे, पाला आणि बोरं आहेत. त्याने आखायचं ते तेवढंच.

माझ्यासारख्या शिक्षकांना एक विनंती आहे. यंदा हा धडा घ्याल तेव्हा पहिल्या तासाला तक्ता लावू नका. स्वयंपाकघरातला तराजू वर्गात आणा, एका मुलाचा शिधा मुलांसमोर मोजा आणि उरलेला दिवस त्यांना आखू द्या. तक्ता पुढच्या आठवड्यात लावा, आणि त्यावर बोरं आणि शेवग्याचा पाला यांची चित्रं मुलांकडूनच काढून घ्या.