आईने भरलेला फॉर्म

‘अगं, टाकी भरून अर्धा तास वाहत होती. तुझं यंत्र काही बोललंच नाही.’

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. बार्शीच्या घरी नळाला एक दिवसाआड पाणी येतं. खालच्या हौदातून मोटारीने ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, आणि टाकी भरत आली की मोटार बंद करायची. आईची गच्चीवर खेप वाचावी म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एक यंत्र बसवलं होतं. टाकीच्या झाकणाला सेन्सर, जिन्यातल्या भिंतीवर प्लास्टिकच्या डबीत नोडएमसीयूचा बोर्ड. टाकी भरत आली की तो वायफायवरून आईच्या फोनवर निरोप पाठवायचा.

त्या आठवड्यात इंटरनेटवाल्याने राऊटर बदलला होता. नाव नवं, पासवर्डही नवा. माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र जुन्या राऊटरचं नाव आणि पासवर्ड दोन ओळींत सरळ लिहून ठेवलेले होते. बोर्ड बिचारा नसलेल्या राऊटरला हाका मारत बसला होता. नव्या राऊटरला जुनंच नाव-पासवर्ड दिले असते तरी भागलं असतं, पण त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नव्हता. म्हणजे दोन ओळी बदलायला लॅपटॉप आणि केबल घेऊन पुण्याहून पाच तासांचा प्रवास मला करावा लागणार. आणि राऊटर पुन्हा बदलला की पुन्हा.

राऊटरचा पासवर्ड घरातल्या माणसांना माहीत असतो. मी तो माझ्या कोडमध्ये कोंडून ठेवला होता. चूक तिथे होती.

यावरचा उपाय तुम्ही रेल्वे स्टेशनवर पाहिलेला असतो. तिथल्या वायफायला जोडलं की फोन आपणहून एक पान उघडतो आणि तुमचा नंबर मागतो. याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. माझ्या बोर्डावरची ईएसपी ८२६६ ही चिप राऊटरला जोडू शकते, तशीच स्वतःचं छोटं वायफायही सुरू करू शकते. ओळखीचा राऊटर सापडला नाही, तर तिने स्वतःचं वायफाय चालू करायचं, जोडणाऱ्याला पान दाखवायचं, आणि त्यात भरलेलं नाव-पासवर्ड स्वतःच्या फ्लॅश मेमरीत लिहून ठेवायचं. लाईट गेली तरी ते पुसलं जात नाही.

पान आपोआप उघडतं कसं, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. कुठल्याही वायफायला जोडल्यावर फोन आधी इंटरनेट आहे का ते तपासतो. अँड्रॉइड फोन गूगलच्या सर्व्हरवरचं `generate_204` नावाचं पान मागतो. उत्तर रिकामं आणि २०४ या आकड्याचं आलं, तर सगळं ठीक. आयफोन अ‍ॅपलचं एक पान मागतो आणि त्यात `Success` शब्द आहे का बघतो. वेगळंच काही हाती आलं, तर फोन समजतो की मध्ये कुणीतरी दार अडवून उभं आहे, आणि ‘साइन इन करा’ म्हणतो.

आपण ते दार अडवायचं. फोन कुठल्याही साइटचा पत्ता विचारो, बोर्डाने उत्तर एकच द्यायचं: `192.168.4.1`, म्हणजे मीच. ही तपासणी साध्या एचटीटीपीवर चालते म्हणून हे जमतं. एचटीटीपीएसची साइट अशी वळवायला गेलं, तर सर्टिफिकेट जुळत नाही आणि ब्राउझर पान उघडायच्या आधीच इशारा देतो.

हे सगळं हाताने लिहायची गरज नाही. वायफायमॅनेजर नावाची लायब्ररी ते करते:

```cpp
WiFiManager wm;
wm.autoConnect("TAKI", "paani1234");
```

दुसरा शब्द या छोट्या वायफायचा पासवर्ड. तो आठ अक्षरांहून कमी चालत नाही, आणि गाळू तर मुळीच नये. उघड्या वायफायवर आईने भरलेला घरचा पासवर्ड हवेतून तसाच वाचता येण्याजोगा गेला असता.

शनिवारी बार्शीला गेले, बोर्डात नवा प्रोग्रॅम भरला आणि आईला म्हटलं, ‘आता मी हात लावणार नाही. तू कर.’

तिने वायफायच्या यादीत ‘TAKI’ शोधलं, पासवर्ड टाकला. पान उघडलं. घरच्या राऊटरची दोन नावं असतात, त्यांतलं 5G लागलेलं त्या पानावरच्या यादीत नव्हतं, कारण ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकते. तिने दुसरं निवडलं, पासवर्ड भरला, सेव्ह दाबलं. आणि पान नाहीसं झालं.

‘गेलं सगळं. माझं काय चुकलं?’

काहीच चुकलं नव्हतं. चिपमध्ये रेडिओ एकच. राऊटर अकराव्या चॅनेलवर, ‘TAKI’ पहिल्या. राऊटरला जोडायला रेडिओ अकरावर गेला, तशी फोनशी जोडणी तुटली. काम फत्ते झालं तरी पान जातं, आणि पासवर्ड चुकला तरी राऊटर शोधण्याच्या धडपडीत ते जाऊ शकतं. मी पुण्यात टेबलावर दहा वेळा हे पाहिलं होतं, पण माझ्यासमोर लॅपटॉपवर लॉग चालू असायचा. आईसमोर फक्त गायब झालेलं पान.

म्हणून उत्तर पानावर न देता बोर्डावरच्या निळ्या दिव्यावर दिलं. पोर्टल चालू असेल तर तो भराभर उघडझाप करतो, राऊटर मिळाला की स्थिर. पोर्टल चालू असताना बाकीचा प्रोग्रॅम थांबून राहतो, त्यामुळे दिव्याची उघडझाप टायमरवर टाकावी लागली. डबीचं झाकण बदलून पारदर्शक लावलं.

संध्याकाळी लाईट गेली. परत आली तेव्हा दिवा भराभर लागत होता. राऊटर तर तोच! बोर्ड दोन-तीन सेकंदांत जागा होतो, राऊटरला दोन मिनिटं लागतात. बोर्डाने राऊटर शोधला, सापडला नाही, म्हणून पोर्टल उघडलं आणि कुणीतरी फॉर्म भरेल याची वाट बघत बसला. काही सांगितलं नाही तर तो कायमचा बसतो. म्हणजे दर वेळी लाईट गेली की टाकी पुन्हा मुकी. दोन ओळी बदलल्या:

```cpp
wm.setConfigPortalTimeout(180);
if (!wm.autoConnect("TAKI", "paani1234")) ESP.restart();
```

तीन मिनिटं कुणी आलं नाही, तर पहिल्यापासून सुरुवात. तोवर राऊटर उठलेला असतो. खात्री करायला मी मेन स्विच तीनदा पाडला. बाबा टीव्हीसमोरून म्हणाले, ‘तुझं झालं की सांग.’

निघताना डबीवर कागद चिकटवला: दिवा लुकलुकत असेल तर ‘TAKI’ला जोडा. खाली पासवर्ड.

तीन महिन्यांनी दुपारी आईचा फोन.

‘राऊटर जळला होता, नवा बसवलाय. पहिल्यांदा पासवर्ड चुकला माझा, दिवा लुकलुकतच राहिला. मग दुसऱ्यांदा नीट टाकला. आता थांबलाय. बरोबर ना?’

‘बरोबर,’ मी म्हटलं.

‘मग ठेवते. मोटार चालू आहे.’