क्षमावणीला माहेरी न जाताना



यंदा भाद्रपद वद्य प्रतिपदेला मी माहेरी गेले नाही. आमच्याकडे अनंत चतुर्दशीच्या उपवासाचं पारणं झालं की क्षमावणीला सगळे वडिलांच्या घरी जमतात. चुलते, आत्या, आम्ही दोघी बहिणी, सगळ्यांची मुलं. दुपारी पुरणपोळी, मग एकमेकांच्या पाया पडून उत्तम क्षमा, आणि दिवस बुडायच्या आत जेवून जो तो आपल्या गावी. दुसरा कुठला सण चुकला तर 'कामात असेल' म्हणून लोक सोडून देतात. क्षमावणी चुकली की एकच अर्थ निघतो, हिच्या मनात राग आहे. म्हणून न जाणं सोपं होतं, सांगणं अवघड होतं.

आधी भांडण काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वडील जाऊन दीड वर्ष झालं. तीन एकर ऊस आणि राहतं घर, दोन्ही त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ आपल्या जैनांनाही लागू आहे, आणि त्याप्रमाणे आई, दादा, मी आणि धाकटी असे चार सारखे वाटे होतात. गेल्या भाऊबीजेला ओवाळणीचं ताट उचलायच्या आत दादानं हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे केला. माझा हिस्सा सोडायला माझी ना नव्हती आणि आजही नाही. पण त्या कागदात सोडणाऱ्यांमध्ये आईचंही नाव होतं. म्हणजे सही झाली की आई स्वतःच्या घरात मुलाच्या मर्जीवर राहणार. मी म्हटलं, आईचं नाव काढ, तिचा चौथा हिस्सा तिच्या नावावर राहू दे, मग मी लगेच सही करते. दादा म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का?" मग माझ्या लग्नातल्या खर्चाचा हिशेब निघाला, चुलत्यांसमोर. तेव्हापासून दहा महिने आम्ही कामापुरतं बोलतो.

श्रावणात आत्याचा फोन आला. "क्षमावणीला सगळे आहेतच, गोडीगुलाबीनं मिटवून टाकू. दुसऱ्या दिवशी निबंधकाकडे जाऊन सह्या करून या, म्हणजे आईपण सुटली." त्या फोननं माझा निर्णय झाला. क्षमावणीच्या दिवशी भरल्या घरात भाऊ हात जोडून उभा राहिला आणि मी क्षमा म्हटलं, की पुढच्या वाक्याला सही मागितली जाणार. तिथे नाही म्हणणारी बाई क्षमा न करणारी ठरते. आणि हा कागद साधा नाही. स्थावराचं हक्कसोडपत्र दोन साक्षीदारांसह नोंदवावं लागतं, आणि एकदा नोंदवलं की 'चुकून केली' म्हणून परत घेता येत नाही, कोर्टात जावं लागतं. क्षमा मी रोज करू शकते. ही सही एकदाच होते.

सांगायला मी पंचमीच्या आठ दिवस आधी सुरुवात केली. पर्वाचे दहा दिवस कुणाच्या उपवासात हा विषय नको होता, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर समजावायला गाडी करून चौघं दारात येतात.

पहिला फोन वहिनींना. पुष्कळजणी आधी आईला सांगतात, मला ते चुकीचं वाटतं. सण ज्या बाईच्या चुलीवर होतो तिला पुरणाचा अंदाज आधी मिळाला पाहिजे, आणि आपलं न येणं तिला सासूच्या तोंडून कळता कामा नये. मी म्हटलं, "वहिनी, यंदा मी आणि हे येत नाही. मुलं दोघंही येतील, तेवढी दोन पानं धरा. तुमच्याशी माझं काही नाही. त्या कागदाचं बोलणं राहिलंय, ते राहिलेलं असताना सणाला बसणं मला जमणार नाही." त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "तब्येतीचं सांगू का सगळ्यांना?" चांगल्या मनानं म्हणाल्या. पण मी नको म्हटलं. दशलक्षणात सत्याचा दिवस येतो आणि आपण त्याच पर्वाच्या शेवटी खोट्या तापाचं निमित्त काढायचं, हे एक. दुसरं असं की ताप म्हटलं की चौकशीचे दहा फोन येतात, कुणीतरी शहाळी घेऊन येतं, आणि मग खोटं उघडं पडतं तेव्हा खऱ्या कारणाचीही किंमत जाते.

मग दादाला. त्याला दुसऱ्याकडून कळू द्यायचं नव्हतं. "दादा, मी क्षमावणीला येणार नाही. आईच्या हिश्श्याचं ठरेपर्यंत पंगतीत बसून हसणं मला जमत नाही. सणानंतर कुठल्याही रविवारी मामांना घेऊन बसू, तू म्हणशील तिथं. आईचं नाव निघालं की माझी सही तयार आहे." एवढंच. लग्नातला खर्च, भाऊबीज, काही काढलं नाही. तो म्हणाला, "तुझी मर्जी," आणि फोन ठेवला. सांगताना भांडण कशानं मिटेल ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, असं मला वाटतं. ते सांगता येत नसेल तर आपण रुसलो आहोत, आणि लोक तसंच म्हणणार.

आईचा फोन सगळ्यांत जड गेला. "मला नको गं हिस्सा बिस्सा. माझ्यासाठी ये." मी तिला म्हटलं, "आई, तू देऊ नकोस असं मी म्हणतच नाही. तुझं आहे, तू दे. पण वाचून दे, मामांना विचारून दे, आणि सणाच्या गडबडीत देऊ नकोस." ती रडली. मी तिला तू माझ्या बाजूनं बोल असं म्हटलं नाही, म्हणणारही नाही. तिला त्याच घरात राहायचं आहे. पर्वात ती रोज सकाळी बस्तीत अभिषेकाला असते. तिथे येऊन भेटेन म्हटलं, आणि दहापैकी चार दिवस गेले.

आत्यांनी मात्र शास्त्र काढलं. "सहा महिन्यांच्या वर राग धरला की तो अनंतानुबंधी होतो, माहीत आहे ना? दगडावरची रेघ!" माहीत आहे. स्वाध्यायात आपण सगळ्याच ऐकतो: पाण्यावरची रेघ, धुळीतली, जमिनीतली आणि दगडातली. संज्वलन कषायाचा संस्कार अंतर्मुहूर्ताचा, प्रत्याख्यानाचा पंधरवड्याचा, अप्रत्याख्यानाचा सहा महिन्यांचा, त्याच्या पुढचा तो अनंतानुबंधी. आत्या दहा महिने मोजत होत्या, त्यांचा हिशेब बरोबर होता. त्या रात्री मीही स्वतःला तपासलं. दादाचं नुकसान व्हावं असं वाटतं का? उसाला दर चांगला मिळाला हे कळलं तेव्हा बरं वाटलं की खुपलं? बरं वाटलं. त्याच्या गुडघ्याच्या डॉक्टरांचा नंबर मीच वहिनींना पाठवला होता. मग ही वैराची रेघ नव्हे. एक व्यवहार अडला आहे, आणि व्यवहाराला सहा महिन्यांची मुदत कुणी लावलेली नाही.

आत्यांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून म्हटलं, "आत्या, पहिला दिवस क्षमेचा, पण तिसरा आर्जवाचा आहे. मनात एक, तोंडात एक, वागण्यात तिसरं, ती माया. मी आले तर तेच करणार. मनात 'आईचं नाव काढा', तोंडी 'उत्तम क्षमा', आणि हातात पेन." त्यांना पटलं नाही. "तुम्ही शिकलेल्या बायका," म्हणाल्या. महिना झाला, त्यांचा फोन नाही. घरात सगळ्यांना पटेल असं सांगण्याचं कौशल्य मला तरी सापडलेलं नाही.

धाकटी म्हणाली, "ताई, मग मीपण येत नाही." तिला मी जायलाच लावलं. एकजण आली नाही तर ते तिचं म्हणणं असतं. दोघी आल्या नाहीत तर दोन पक्ष होतात, आणि मग जावई, व्याही सगळे कुठल्या ना कुठल्या बाजूला मोजले जातात. तिला एकच सांगितलं, माझी वकिली करू नकोस. विचारलं तर "ताईला विचारा" म्हण. मुलांनाही तसंच. धाकट्यानं विचारलं, "मामाशी भांडलीस का?" म्हटलं, "एका कागदावरून बोलणं राहिलंय. मामा तुझा मामाच आहे, पाया पड."

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी लिहिलं: "यंदा मी क्षमावणीला येऊ शकत नाही, घरी कळवलं आहे. सर्वांना उत्तम क्षमा." कारण नाही. एका चुलत्यांनी तीन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवला, बहीण-भाऊ, संस्कार वगैरे. ग्रुपवर उत्तर दिलं नाही. त्यांना फोन करून नमस्कार केला, तब्येत विचारली.

क्षमावणीच्या सकाळी मी दादाला फोन केला. न जाणं आणि न बोलणं या दोन गोष्टी मला वेगळ्या ठेवायच्या होत्या. "दादा, उत्तम क्षमा. माझ्या बोलण्यानं दुखावलं असेल त्याची." तो म्हणाला, "उत्तम क्षमा." थोडा वेळ दोघंही गप्प. मग म्हणाला, "मुलं निघाली का?" संध्याकाळी मुलं डब्यात पोळ्या घेऊन आली, वहिनींनी दिलेल्या. मोठी म्हणाली, कागदाचा विषय निघालाच नाही, पण आजी नीट जेवली नाही.

मामांबरोबर बसायचं अजून ठरलेलं नाही. दादा 'दिवाळीच्या आधी' म्हणतो, तारीख देत नाही. तारीख आली नाही तर भाऊबीजेलाही हेच फोन पुन्हा करावे लागतील, वहिनींपासून.

गेल्या आठवड्यात मात्र बस्तीच्या पायरीवर चप्पल घालता घालता आईनं विचारलं, "त्या कागदात माझं नाव कुठं आहे गं?" मसुद्याचा फोटो धाकटीनं तेव्हाच पाठवला होता. मी तो मोबाइलवर मोठा करून दिला. आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.