वाढत्या अंगाचा नाइटसूट

लेकीला नाइटसूट मी नेहमी एक साइज मोठाच घ्यायचे. वाढतं अंग, दोन वर्षं निघतील! गेल्या दिवाळीत ती पणतीपाशी वाकली आणि सुती बाहीचं टोक ज्योतीवर लोंबलं. आईने झटकन मागे ओढलं, म्हणून निभावलं.

रात्री गळ्यामागचं लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. इथे अमेरिकेत नऊ महिन्यांच्या मापापुढचे मुलांचे रात्रीचे कपडे एकतर सहज पेट न घेणारे हवेत, नाहीतर अंगाबरोबर बसणारे. सुती बहुतेक दुसऱ्या प्रकारातले. कापड अंगालगत असलं की आत हवा खेळत नाही, आणि टोकं ज्योतीपर्यंत लोंबत नाहीत. म्हणजे साइज वाढवून ती सोय मीच घालवत होते!

आता सुती नाइटसूट मापाचाच. आजीने शिवलेला घेरदार गाऊन मात्र पणत्या विझल्यावर.