ताशी बावीस किलोमीटर: ट्रॅकची मोजणी, घड्याळ आणि वेग

शाळेच्या मैदानावर धावलेल्या मुलाचा वेग कुठल्याही उपकरणावर थेट वाचला जात नाही. तो दोन मोजमापांतून निघतो: फक्कीने आखलेल्या ट्रॅकची लांबी आणि हातातल्या स्टॉपवॉचने घेतलेली वेळ. म्हणून क्रीडाशिक्षकाने पालकांना पाठवायच्या पत्रात नुसता वेगाचा आकडा देऊन भागत नाही. अंतर कसे मोजले, वेळ कशी घेतली आणि त्या आकड्यावर कुठपर्यंत विसंबावे, एवढे त्यात यायलाच हवे. भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यातल्या पालकांना हे समजावणे अवघड नाही. त्यांतले कितीतरी जण रोज व्हर्नियर आणि डायल गेज वाचतात, कॅलिब्रेशनची तारीख उलटलेले माप बाजूला ठेवतात. मुलाच्या प्रगतिपत्रकातल्या मापाबद्दलही त्यांना तेवढीच खात्री हवी असते, आणि ती द्यायलाच हवी.

पुरा ४०० मीटरचा ट्रॅक या भागात महापालिकेच्या किंवा राज्याच्या क्रीडासंकुलातच सापडतो. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले, तिथला ट्रॅक त्या मापाचा आहे. शाळेला मिळते ते साधारण ९० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद मुरुमाचे मैदान. त्यात २०० मीटरचा, चार लेनचा ट्रॅक बसतो, आणि पुढचा सगळा हिशेब अशाच ट्रॅकचा आहे.

आखणीची सुरुवात दोन खुंट्यांपासून होते. मैदानाच्या मध्यरेषेवर त्या एकमेकींपासून ४० मीटरवर ठोकायच्या. या दोन वळणांच्या केंद्रखुंट्या. प्रत्येक खुंटीपाशी मध्यरेषेला काटकोन काढण्यासाठी ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा त्रिकोण टेपनेच धरला जातो. मग प्रत्येक खुंटीपासून १८.९० मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ काढायचे आणि दोन्ही अर्धवर्तुळांची टोके सरळ रेषांनी जोडायची. त्रिज्येसाठी सुतळी वापरू नये. ती ओढली की वाढते, ओली झाली की आखडते. स्टीलचा टेपच लावावा.

आखलेली रेषा २०० मीटरची भरत नाही, आणि पालकांचा पहिला प्रश्न इथेच येतो. १८.९० मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाची लांबी ५९.३८ मीटर होते. अशी दोन वळणे आणि ४० मीटरचे दोन सरळ पट्टे मिळून बेरीज १९८.७६ येते. पण कोणीही रेषेवर पाय टाकून धावत नाही. नुसत्या फक्कीच्या रेषेने आखलेल्या लेनची लांबी त्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजावी असा ॲथलेटिक्सचा नियम आहे. आतल्या कडेला उंच कठडा असेल तर धावणारा त्यापासून आणखी दूर राहतो, म्हणून तिथे ३० सेंटिमीटर धरतात. शाळेत कठडा नसतो. तेव्हा धावण्याची खरी त्रिज्या १९.१० मीटर, एक वळण ६०.०० मीटर आणि पूर्ण फेरी २०० मीटर. कोणी रेषेवरच टेप फिरवून २०० मीटर भरवले, तर मुले प्रत्यक्षात सव्वा मीटर जास्त धावतील आणि त्यांचा वेग कागदावर कमी दिसेल.

आखणी तिरकी झाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कर्णावरून कळते. दोन्ही सरळ रेषांची चार टोके मिळून ४० मीटर लांब आणि ३७.८० मीटर रुंद आयत होतो. त्याचे दोन्ही कर्ण ५५.०३ मीटर भरले पाहिजेत. फॅब्रिकेशनच्या कामात चौकट वेल्ड करण्याआधी हीच तपासणी करतात. एक कर्ण मोठा आणि दुसरा तेवढाच लहान निघाला तर चौकोन झुकलेला आहे असे समजावे आणि फक्की मारण्याआधीच खुंट्यांवरचे काटकोन पुन्हा काढावेत. टेपचा शून्य कुठे आहे हेही आधी पाहून घ्यावे. काही टेपांवर तो कडीच्या बाहेरच्या टोकाला असतो, काहींवर पट्टीवर थोडा आत. चुकीचे टोक धरले की दर वेळी तेवढीच चूक मिळत जाते, आणि ५० मीटरच्या टेपने फेरी मोजताना ती चारदा मिळते. फायबरचा जुना टेप ताणून लांब झालेला असतो. तो एकदा स्टीलच्या टेपशेजारी पसरून पाहावा.

बाहेरच्या लेनमधल्या मुलाला पुढे का उभे करतात, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. लेन १.२२ मीटर रुंद असेल तर पूर्ण फेरीत प्रत्येक बाहेरची लेन ७.६७ मीटरने लांब होते. तेवढे अंतर पुढे सरकवून मुलाला उभे करणे याला मैदानावर स्टॅगर म्हणतात. ट्रॅक २०० मीटरचा असो की ४००चा, हे अंतर बदलत नाही, कारण ते केवळ लेनच्या रुंदीवर ठरते, वळणाच्या त्रिज्येवर नाही. जागेअभावी लेन १ मीटरच्या केल्या तर स्टॅगर ६.२८ मीटर होतो. पुस्तकातला ७.६७ अशा मैदानावर तसाच उचलला की बाहेरच्या लेनमधल्या मुलाला दर लेनमागे १.३९ मीटर फुकट मिळतात.

या मैदानात सरळ १०० मीटर बसत नाहीत. त्यामुळे १०० मीटरची धाव म्हणजे अर्धी फेरी: ६० मीटरचे वळण आणि त्यापुढे ४० मीटरचा सरळ पट्टा. इथे स्टॅगर निम्मा, ३.८३ मीटर. पत्रात हे ठळकपणे लिहायला हवे, कारण वळणावरची १०० मीटरची वेळ बालेवाडीच्या सरळ ट्रॅकवरच्या वेळेशी जोडून पाहणे मुलावर अन्याय करणारे आहे. १९ मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदाला ६.२५ मीटर वेगाने जाणाऱ्या मुलाला आतल्या बाजूला सुमारे १२ अंश झुकावे लागते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर त्याच वेगाला ६ अंश पुरतात. त्यात मुरूम सुटा असेल तर पाय बाहेर घसरतो आणि मूल आपोआप जपून धावते.

अंतराची बाजू अशी नीट झाली की चूक फार तर काही सेंटिमीटरची राहते. खरी अडचण घड्याळात आहे. स्टार्टर लाकडी क्लॅपर वाजवतो आणि अंतिम रेषेवरचा शिक्षक बटण दाबतो. अर्ध्या फेरीत सुरुवात आणि शेवट ही समोरासमोरची टोके होतात, त्यांच्यात सरळ अंतर सुमारे ५५ मीटर. आवाजाला तेवढे यायला ०.१६ सेकंद लागतात. म्हणून आवाजाची वाट न बघता क्लॅपरच्या फळ्या एकमेकींवर आदळताना दिसल्या की घड्याळ सुरू करायचे. तरीही डोळ्यांनी पाहून अंगठा हलायला थोडा वेळ जातोच. शेवटी मात्र धावणारा येताना दिसत असतो, त्यामुळे बटण जवळजवळ वेळेवर दाबले जाते. परिणामी हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा नेहमी कमीच येते. १०० आणि २०० मीटरमध्ये हा फरक ०.२४ सेकंद धरण्याची पद्धत आहे.

मिल्खासिंग यांच्या बाबतीत हाच फरक इतिहासात नोंदला गेला आहे. रोम ऑलिंपिकमध्ये १९६० साली ४०० मीटरला त्यांची हातघड्याळाची वेळ ४५.६ सेकंद होती, विद्युत यंत्रणेची ४५.७३. परमजितसिंग १९९८ मध्ये कोलकात्यात ४५.७० मध्ये धावले तेव्हा, नुसते आकडे वाचणाऱ्याला मिल्खासिंग यांचा विक्रम मोडला नाही असेच वाटले असते. वेळ कशाने घेतली हे वेळेसोबत लिहिले नाही तर असे होते. शाळेच्या नोंदवहीतही ‘हातघड्याळ’ हा शब्द वेळेशेजारी हवा.

आता एक धाव पूर्ण सोडवून पाहू. आठवीतली एक मुलगी अर्धी फेरी धावते. तीन शिक्षकांच्या घड्याळांवर १६.१२, १६.२१ आणि १६.३८ सेकंद दिसतात. घड्याळ शतांश दाखवत असले तरी अंगठ्याला शतांश कळत नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे प्रत्येक वेळ वरच्या दशांशापर्यंत नेतात: १६.२, १६.३, १६.४. यांची सरासरी काढत नाहीत, मधली वेळ घेतात, कारण एकाचा अंगठा चुकला तर सरासरी बिघडते पण मधली वेळ टिकते. दोनच घड्याळे असतील तर जास्तीची वेळ धरायची. इथे वेळ ठरली १६.३ सेकंद.

१०० मीटरला १६.३ ने भागले की सेकंदाला ६.१३ मीटर. तासात ३६०० सेकंद आणि किलोमीटरमध्ये १००० मीटर, म्हणून याला ३.६ ने गुणायचे: ताशी २२.१ किलोमीटर. हातघड्याळाचे ०.२४ सेकंद मिळवले तर १६.५४ सेकंद आणि ताशी २१.८. तीन घड्याळांतली सर्वांत कमी वेळ तशीच धरली तर ताशी २२.३, सर्वांत जास्त वेळ दुरुस्तीसह धरली तर ताशी २१.७. तेव्हा पत्रात लिहायचा आकडा एकच: ताशी सुमारे २२ किलोमीटर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ६.१३४९६९ असे काही उमटते. त्यातले पुढचे आकडे ना टेपने मोजले ना घड्याळाने, ते कागदावर उतरवू नयेत.

हा वेग सरासरीचा आहे. मुलगी उभ्या जागेवरून सुटली, त्यामुळे मधल्या टप्प्यात ती याहून वेगाने धावत होती. तो सर्वाधिक वेग काढायला मधले २० मीटर वेगळे मोजावेत असे कोणालाही सुचेल, पण ते अंतर ती तीनएक सेकंदांत कापते. त्यात अंगठ्याची ०.२ सेकंदाची चूक सात टक्क्यांच्या घरात जाते, तर १०० मीटरच्या वेळेत तीच चूक सव्वा टक्का असते. हातघड्याळाने सर्वाधिक वेग सांगू नये. मनगटावरचे जीपीएस घड्याळही लहान वळणावर कामाचे नाही. ते ठरावीक वेळाने घेतलेली ठिकाणे सरळ रेषांनी जोडते, त्यामुळे वळण कापले जाते, शिवाय प्रत्येक ठिकाणाची नोंदच काही मीटर इकडेतिकडे असते.

ताशी २२ म्हणजे किती, हे पालकांना कळायला बीडच्या अविनाश साबळे यांची धाव घ्यावी. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक मिळवले. भागाकार केला की ताशी २२ किलोमीटरच येतात. आठवीतली मुलगी सोळा सेकंद जो वेग धरते, तोच त्यांनी २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे ओलांडत आठ मिनिटे धरला.

या सगळ्यावरून पत्रातला सर्वांत उपयोगी मजकूर ठरतो, आणि तो असा असावा: ‘आपल्या पाल्याची वेळ मागच्या वेळेपेक्षा ०.३ सेकंदापर्यंत कमी-जास्त असेल तर तो फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो. तेवढ्यावरून मुलाचे कौतुक किंवा कानउघाडणी करू नये. पाठोपाठच्या तीन-चार चाचण्यांमध्ये वेळ एकाच दिशेने सरकत असेल तर तो बदल खरा धरावा.’ घरी एका दशांशावरून मुले रडवेली होतात. हा मजकूर त्यासाठी लिहायचा.

पावसाळ्यात फक्की धुऊन जाते आणि मुरूमही वाहतो. केंद्रखुंट्यांच्या जागी काँक्रीटमध्ये लोखंडी गज बसवून त्यांची तोंडे मातीखाली बोटभर ठेवली, म्हणजे कोणाच्या पायाला लागत नाहीत आणि दरवर्षी ट्रॅक त्याच जागी, त्याच मापाचा उतरतो. ऑक्टोबरमध्ये नव्याने आखल्यावर दोन्ही कर्ण आणि पहिल्या लेनची फेरी मोजून तारखेसह नोंदवहीत लिहावी. ज्या वर्षी ट्रॅक पावलांनी किंवा अंदाजाने आखला होता, त्या वर्षीच्या वेळा वेगळ्या पानावर ठेवाव्यात आणि त्यांचे वेग काढू नयेत.